पेशी तीच, मुक्काम वेगळा

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या थॉमस हॉजकिन या डॉक्टरने १८३२ साली काही मृतदेहांच्या विच्छेदनातली निरीक्षणं मांडली. त्या रोग्यांच्या लसिका ग्रंथी आणि पानथरी प्रमाणाबाहेर वाढलेली होती आणि नेहमीच्या जंतुसंसर्गाने किंवा सुजेने त्याचा उलगडा होत नव्हता. तेरा वर्षांनी, १८४५ मध्ये, एडिंबरात जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी एकमेकांच्या कामाची कल्पना नसताना दुसऱ्याच एका रोगाचं वर्णन केलं. त्यात मेलेल्या माणसाच्या रक्तातच पांढऱ्या पेशींची अफाट गर्दी झालेली होती. हॉजकिनने गाठी पाहिल्या, बेनेट आणि फिरखो यांनी रक्त पाहिलं. लिम्फोमा आणि ल्युकेमिया यांची वाटणी तिथून पडली, ती डॉक्टरची नजर कुठे गेली यावरून. पेशी कोणती, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

आज पेशी ठाऊक आहे, तरी वाटणी टिकून आहे. तिच्यामुळे घराघरांत गोंधळही होतो. एका कागदावर ‘लिम्फोमा’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘ल्युकेमिया’, आणि नातेवाइकांना वाटतं की एक डॉक्टर चुकला. कधीकधी दोघंही बरोबर असतात.

लिम्फोसाइट ही पांढऱ्या पेशींमधली एक जात. तिच्या मुख्य दोन शाखा, बी आणि टी. भाताचं रोप आधी तरव्यात वाढतं आणि मग खाचरात लावलं जातं, तसा हिचा प्रवास. जन्म हाडांच्या आतल्या मज्जेत होतो. टी पेशी कोवळ्या वयातच छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत जाऊन तयार होतात. बी पेशींची सुरुवातीची वाढ मज्जेतच होते. पुढे दोघींचा मुक्काम मान, काख, जांघ, छाती आणि पोटातल्या लसिका ग्रंथींत, पानथरीत आणि टॉन्सिलमध्ये पडतो. रक्त हा त्यांचा ये-जा करायचा रस्ता आहे. कर्करोग या प्रवासात कुठेही सुरू होऊ शकतो, आणि बिघडलेली पेशी ज्या वयात अडकली त्या वयाच्या सवयी तिच्यात राहतात. कोवळ्या पेशीला मज्जा मानवते, प्रौढ पेशीला ग्रंथी. मज्जेतून रक्तात उसळलेल्या रोगाला ल्युकेमिया म्हणायचं आणि ग्रंथींत गाठी धरून बसलेल्याला लिम्फोमा, हा ढोबळ नियम त्यातूनच आला. (सगळे ल्युकेमिया लिम्फोसाइटचे नसतात. मज्जेतल्या दुसऱ्या शाखेच्या पेशींपासून होणारे मायलॉइड ल्युकेमिया वेगळे. ते इथे बाजूला ठेवले आहेत.)

हा नियम कुठे नीट चालतो आणि कुठे मोडतो हे कळायला एक रुग्ण नजरेसमोर आणू. त्याचा तपशील मी रचलेला आहे, पण बाल-कर्करोगाच्या कुठल्याही विभागातल्या डॉक्टरांना तो ओळखीचा वाटेल.

चौदा वर्षांचा मुलगा. तीन आठवडे कोरडा खोकला. मग रात्री आडवं झालं की दम लागू लागला, म्हणून तो उशांना टेकून बसून झोपायचा. सकाळी चेहरा सुजलेला, मानेच्या शिरा फुगलेल्या. जवळच्या डॉक्टरांना दमा वाटला. नेब्युलायझर दिला, सोबत पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. मुलाला झपाट्याने आराम पडला. गोळ्या संपल्यावर आठवड्याभरात दम परत आला, आधीपेक्षा जोरात. आता छातीचा एक्स-रे काढला तर दोन फुप्फुसांच्या मधली जागा गाठीने रुंदावलेली, आणि उजव्या बाजूला पाणी साठलेलं.

आई-वडिलांना पहिला धीर रक्ताच्या रिपोर्टने दिला. हिमोग्लोबिन १२.८, पांढऱ्या पेशी ८,४००, प्लेटलेट २ लाख ६० हजार. काचपट्टीवर एकही वावगी पेशी नाही. ‘रक्त चांगलं आहे, म्हणजे ब्लड कॅन्सर नाही,’ असं कुणीतरी म्हणालंही. त्या वाक्याचा फारसा उपयोग नव्हता. थायमसमध्ये अडकलेली कोवळी टी पेशी तिथेच वाढत राहिली, तर मज्जेचं काम बरेच दिवस नीट चालतं आणि रक्ताला पत्ताही लागत नाही.

आराम पडला होता तोही स्टेरॉइडमुळे, दम्याच्या औषधामुळे नव्हे. कोवळ्या लिम्फोसाइट स्टेरॉइडने झटक्यात मरतात. गाठ आकसते, श्वास मोकळा होतो आणि निदान मात्र हातातून निसटतं, कारण त्या दिवसांत घेतलेल्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली फक्त मेलेल्या पेशी दिसू शकतात. नव्याने दम लागलेल्या, आडवं झाल्यावर त्रास वाढणाऱ्या मुलाला स्टेरॉइड सुरू करण्याआधी छातीचा एक साधा एक्स-रे काढणं म्हणूनच फार मोलाचं ठरतं.

पुढचं पाऊलही जपून टाकावं लागतं. गाठीचा तुकडा काढायला मुलाला आडवं करून पूर्ण भूल दिली, तर स्नायू सैल पडतात, गाठीचं वजन श्वासनलिकेवर येतं आणि ती मिटू शकते. अनुभवी पथक आधी सर्वांत सोपी जागा शोधतं. आपल्या मुलाच्या बाबतीत ती छातीतल्या पाण्यात सापडली. त्याला बसवून, फक्त जागा बधिर करून सुईने पाणी काढलं आणि ते फ्लो सायटोमेट्रीला पाठवलं. या यंत्रात पेशी एकेक करून लेझरच्या झोतासमोरून जातात. त्यांना चिकटवलेल्या रंगांवरून त्यांच्या अंगावरच्या आणि पोटातल्या खुणा वाचता येतात. इथे टीडीटी ही खूण सापडली, जी फक्त अपक्व पेशीत असते. सीडी ३ आणि सीडी ७ सापडल्या, म्हणजे शाखा टी. पेशीची ओळख पटली.

आता नाव काय द्यायचं? कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढली. तिच्यातल्या शंभर पेशींमागे आठ कोवळ्या, बिघडलेल्या होत्या. म्हणून नाव लिहिलं गेलं टी-लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा. त्याच मज्जेत चाळीस असत्या तर नाव असतं टी-अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. रेघ आहे पंचवीस टक्क्यांची, काही ठिकाणी वीसची. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, उपचारांच्या अभ्यासात रुग्णांचे गट पाडता यावेत म्हणून माणसांनी ठरवली. चोवीस टक्के आणि सव्वीस टक्के या दोन मुलांच्या शरीरात चाललेली गोष्ट एकच असते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हे दोन्ही एकाच नोंदीत, एकाच जोडनावाने येतात.

उपचार ठरवताना कुणाचं ऐकायचं, नावाचं की पेशीचं? याचं उत्तर १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीने दिलं. हॉजकिनखेरीजचे लिम्फोमा असलेल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून दोन उपचारांपैकी एक दिला गेला. एक चार औषधांचा, त्या काळच्या लिम्फोमाच्या रीतीचा. दुसरा दहा औषधांचा, ल्युकेमियाच्या उपचारांच्या वळणाचा. रोग पसरलेल्या लिम्फोब्लास्टिक मुलांपैकी दोन वर्षांनी रोगमुक्त राहिलेली मुलं दहा औषधांच्या गटात ७६ टक्के होती आणि चार औषधांच्या गटात अवघी २६ टक्के. गंमत नव्हे तर धडा असा की बाकीच्या, लिम्फोब्लास्टिक नसलेल्या लिम्फोमात चित्र अगदी उलट निघालं. तिथे चार औषधं सरस ठरली. सगळ्यांच्या कागदावर लिम्फोमाच लिहिलेलं होतं, पण पेशी वेगळी असल्याने एकाला तारणारं औषध दुसऱ्याला पुरलं नाही. मला विचाराल तर या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची आकडेवारी आहे.

आपल्या मुलाला म्हणून ल्युकेमियाचाच उपचार मिळेल. पहिले चार-पाच आठवडे स्टेरॉइड, व्हिनक्रिस्टिन, डॉनोरुबिसिन आणि अॅस्परॅजिनेज. कोवळ्या लिम्फोसाइट मेंदूच्या आवरणात दडतात आणि शिरेतून दिलेली बरीच औषधं तिथे नीट पोचत नाहीत. त्यासाठी पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट द्यावं लागतं. मग काही महिन्यांचे कडक उपचार, आणि शेवटी रोजच्या मर्कॅप्टोप्युरिनच्या गोळ्या आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. एकूण दोन ते अडीच वर्षं. पहिले काही दिवस सर्वांत नाजूक. पेशी इतक्या भराभर फुटतात की त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक अॅसिड रक्तात लोटतं आणि मूत्रपिंड बंद पडू शकतं. म्हणून आधीपासून भरपूर सलाइन, युरिक अॅसिड रोखणारी औषधं आणि दिवसातून अनेकदा रक्ततपासणी.

नावामुळे फरक पडतो तो रोग किती हटला हे मोजण्यात. ल्युकेमिया असता तर महिन्याभराने मज्जा काढून दहा हजार पेशींमागे एखादी बिघडलेली पेशी उरली आहे का, इथपर्यंत पाहता आलं असतं. त्यावरून पुढचा उपचार कडक करायचा की नाही ते ठरतं. लिम्फोमात रोग छातीतल्या गाठीत असतो. तिथली पेशी अशी मोजता येत नाही. स्कॅनवर गाठ किती आकसली ते पाहायचं, आणि उरलेला भाग जिवंत रोग आहे की नुसता व्रण, हे ओळखणं अवघड असतं.

ही झाली कोवळ्या पेशींची गोष्ट. मोठ्या माणसांत आढळणारे बहुतेक लिम्फोमा प्रौढ पेशींचे असतात, आणि त्या ग्रंथीत का बिघडतात याला कारण आहे. जंतू आला की ग्रंथीच्या आत बी पेशींचे पुंजके तयार होतात. तिथे या पेशी प्रतिपिंड अधिक अचूक बसावं म्हणून स्वतःच्या जनुकांत मुद्दाम बदल करतात, डीएनए कापतात, जोडतात. ज्यांचं जमलं त्या जगतात, बाकीच्या मरायच्या असतात. या कामात चूक होऊ शकते. फॉलिक्युलर लिम्फोमा असलेल्या बहुसंख्य रुग्णांत चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले सापडतात. त्यामुळे पेशीचं मरण रोखणारं बीसीएल २ हे जनुक कायमचं चालू राहतं. मरायला हवी ती पेशी मरत नाही. तिला पोसणाऱ्या शेजारच्या पेशी ग्रंथीतच असल्याने ती बराच काळ तिथेच रमते, आणि सीबीसीचा रिपोर्ट निर्दोष येतो.

आपल्याकडे याच टप्प्यावर एक जुनी अडचण येते, ती म्हणजे क्षयाची. मानेला गाठ, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणं ही लक्षणं ग्रंथींच्या टीबीचीही आहेत आणि लिम्फोमाचीही. टीबी इतका सर्रास दिसतो की गाठीची नीट तपासणी न करताच एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू केल्या जातात. दोन-तीन महिने जातात, गाठ हटत नाही किंवा वाढते, मग शोध सुरू होतो. सुईने केलेली तपासणी, जिला आपण एफएनएसी म्हणतो, टीबी ओळखायला पुष्कळदा पुरते. लिम्फोमाला ती सहसा पुरत नाही, कारण सुईत सुट्या पेशी येतात आणि लिम्फोमाचा निवाडा ग्रंथीची आतली रचना कशी मोडली आहे यावर होतो. त्यात हॉजकिनच्या रोगात कधीकधी टीबीसारखे ग्रॅन्युलोमाही दिसतात. त्यामुळे सुईच्या रिपोर्टवर ‘ग्रॅन्युलोमा’ एवढंच असेल आणि जंतू सापडला नसेल, तर प्रश्न मिटलेला नाही.

शक्य तिथे संपूर्ण ग्रंथी काढून तपासणं, हा खरा मार्ग. मानेच्या खालच्या भागात असेल तर हे छोट्या शस्त्रक्रियेचं काम आहे. त्यातही एक साधी चूक होते. काढलेली अख्खी ग्रंथी फॉर्मलिनच्या बाटलीत टाकली जाते. फॉर्मलिनमध्ये रचना उत्तम टिकते, पण टीबीचा जंतू मरतो आणि कल्चर करता येत नाही. म्हणून एक तुकडा फॉर्मलिनशिवाय, सलाइनमध्ये टीबीच्या तपासण्यांसाठी वेगळा पाठवायचा असतो. शस्त्रक्रियेच्या आधी नातेवाइकांनी याची आठवण करून दिली तर डॉक्टरांनी वाईट वाटून घेऊ नये.

लिम्फोमा ठरला की पहिला प्रश्न येतो, ‘कितव्या स्टेजचा?’ अॅन आर्बर या अमेरिकी शहराच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत १९७१ पासून वापरात आहे, पुढे थोडी सुधारलेली. एकाच भागातल्या ग्रंथी, तर पहिली स्टेज. श्वासपटलाच्या एकाच बाजूचे दोन किंवा अधिक भाग, तर दुसरी. दोन्ही बाजू, तर तिसरी. मज्जा किंवा यकृतात पोचला, तर चौथी. हाच प्रश्न ल्युकेमियाला विचारला तर त्याला असं उत्तर नसतं. रक्तातला रोग पहिल्या दिवसापासून सगळीकडे असतो. तिथे जोखीम ठरते वय, गुणसूत्रांतले बदल आणि उपचाराला मिळालेला प्रतिसाद यांवरून. आणि लिम्फोमाची चौथी स्टेज ऐकून हातपाय गाळण्याचं कारण नाही. स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगात चौथ्या स्टेजचा जो अर्थ आहे, तो इथे लागू नाही. चौथ्या स्टेजच्या हॉजकिन लिम्फोमाचे बहुसंख्य तरुण रुग्ण बरे होतात.

प्रौढ पेशींतही रेघ पुसट होणारा एक रोग आहे. साठीच्या पुढच्या एखाद्याने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधी रक्त तपासलं आणि पांढऱ्या पेशी ६० हजार निघाल्या, त्यातल्या बहुतेक लिम्फोसाइट. त्याला काहीच त्रास नाही. फ्लो सायटोमेट्रीत सीडी ५, सीडी १९, सीडी २३ अशा खुणा असलेल्या, एकाच पेशीपासून वाढलेल्या बी पेशी सापडतात. हा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, सीएलएल. अगदी याच खुणांच्या पेशींनी दुसऱ्या कुणाच्या ग्रंथी सुजल्या पण रक्तातली त्यांची संख्या मायक्रोलिटरमागे ५ हजारांच्या आत राहिली, तर त्याला स्मॉल लिम्फोसायटिक लिम्फोमा म्हणतात. रोग एक, औषधं एक. गाठीही नाहीत आणि संख्याही पाच हजारांखाली आहे, अशांना तर रोगाचं नावही दिलं जात नाही, नुसतं लक्ष ठेवलं जातं. सीएलएलच्या पायऱ्या ठरवणारी पद्धत १९७५ मध्ये मांडली ती जोधपूरला जन्मलेल्या आणि पुढे न्यू यॉर्कमध्ये काम केलेल्या डॉ. कांती राय यांनी. तिची मदार लिम्फोसाइट, ग्रंथी, यकृत-पानथरी, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट यांच्या साध्या तपासणीवर आहे, म्हणून ती तालुक्याच्या दवाखान्यातही वापरता येते.

या साठ हजारवाल्या गृहस्थांना लगेच औषध लागत नाही, हे घरच्यांना पटवणं कठीण जातं. हिमोग्लोबिन दहाच्या खाली येऊ लागलं, प्लेटलेट एक लाखाखाली गेल्या, गाठी किंवा पानथरी फार वाढली, ताप-घाम-वजन घटणं सुरू झालं किंवा पेशी सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाल्या, तर उपचार सुरू करायचे. त्याआधी औषध देऊन आयुष्य वाढल्याचं जुन्या चाचण्यांत दिसलं नाही. उलट कोवळ्या पेशींच्या अॅक्यूट ल्युकेमियात पांढऱ्या पेशी सहा हजारच असतील तरी दिवस मोजून उपचार सुरू करावे लागतात. संख्या किती यापेक्षा पेशी कोवळी की प्रौढ, यावर घाई ठरते. सीएलएलच्या रुग्णाची एखादीच गाठ अचानक भराभर वाढू लागली, ताप आला, एलडीएच चढलं, तर मात्र त्या गाठीची बायॉप्सी करावी लागते. काही रुग्णांत ही संथ पेशी बदलून आक्रमक लिम्फोमा होतो, आणि त्याला रिश्टर बदल म्हणतात.

बी पेशी कोवळी असो वा प्रौढ, रक्तात असो वा ग्रंथीत, तिच्या अंगावर सीडी १९ ही खूण बहुधा असतेच. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून तयार झालेल्या नेक्सकार १९ या कार-टी उपचाराचा नेम त्याच खुणेवर आहे. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांच्यात सीडी १९ ओळखणारं जनुक घालून त्या परत सोडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये या उपचाराला भारतात मान्यता मिळाली, ती इतर उपचारांना न जुमानणाऱ्या किंवा उलटलेल्या बी पेशींच्या लिम्फोमासाठीही आणि ल्युकेमियासाठीही. टी पेशींच्या रोगावर तो चालत नाही. हॉजकिनमधल्या मुख्य पेशीवरही ही खूण नसते. शिवाय निरोगी बी पेशींवर तीच खूण असल्याने त्याही मारल्या जातात, आणि काही रुग्णांना नंतर प्रतिपिंडांची इंजेक्शनं घ्यावी लागतात.